चेपलेला टोप

भागीरथी पष्टेबाईंच्या पायाला भिंगरी होती, असं आमच्या हायस्कुलात सगळेच म्हणायचे. पण भिंगरीसुद्धा कधीतरी आडवी होते. बाई होत नसत. गणिताचा तास संपला की शिक्षकखोलीत चहा यायचा, आम्ही खुर्च्यांवर पसरायचो आणि बाई कपबशी हातात घेऊन खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी. एकदा मी म्हटलं, "बाई, बसा की, खुर्ची काही चावत नाही." तर म्हणाल्या, "घुडे सर, बसलं की राहिलेलं सगळं आठवतं." मी मराठी शिकवायचो, मला बसलं की झोप यायची. आमचं जमण्याचं तसं काही कारण नव्हतं, पण दोघंही मुरबाडला राहायचो आणि एकाच एस्टीने यायचो-जायचो, त्यामुळे त्यांच्या डोक्यातलं वारं रोज माझ्याच कानावर आधी आदळायचं.

शाळा मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, वैशाखऱ्याच्या अलीकडे. निम्मी पोरं रस्त्याकाठच्या गावांतली. कुणाची भातशेती, कुणाचं किराणा दुकान, कुणाचं घाटात जाणाऱ्यांसाठीचं वडापावचं हॉटेल. उरलेली निम्मी वरच्या पाड्यांवरची, ठाकर आदिवासींची. ती तासभर उतरून शाळेला येत आणि तासभर चढून घरी जात.

२००६ सालच्या उन्हाळ्यात बाई ठाण्याला कुठल्याशा प्रशिक्षणाला गेल्या. लोक ठाण्याहून साडी आणतात, बाईंनी कचरा बँक आणली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली झाडून, सारवून तयार होती आणि बाई केसांत जळमट घेऊन मुख्याध्यापकांपुढे उभ्या होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, "करा, पण मला त्रास नको." त्यांचा सगळ्याच गोष्टींना असा पाठिंबा असायचा.

बँक दर गुरुवारी मधल्या सुट्टीत उघडे. मुलांनी घरचा कचरा आणायचा. रद्दी, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, पत्र्याचे डबे, जर्मनची भांडी. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, आमच्याकडे अजून तसंच म्हणतात. दारावर खडूने तीन शब्द लिहिलेले: घरचं, स्वच्छ, कोरडं. घरचं एवढ्यासाठी, की पोरं उकिरड्यात आणि दवाखान्यामागे हात घालायला लागली तर ते निस्तरणार कोण? काच घ्यायची नाही, कारण हात कापतो. वेफर्सच्या आणि गुटख्याच्या चकचकीत पुड्या घ्यायच्या नाहीत, कारण मुरबाडचा भंगारवाला त्या घेत नसे. दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून टाकायचा नाही, नुसती चीर द्यायची, नाहीतर तो कोपराच ओढ्यात जातो. पिशवी धुऊन दोरीवर वाळवायची आणि मगच आणायची.

प्रत्येक मालाला किलोमागे गुण ठरलेले. भंगारवाल्याच्या भावाच्या निम्म्याहून थोडे वर, म्हणजे भाव पडला तरी बँक बुडायला नको. रद्दीला तीन, दुधाच्या पिशव्यांना सहा, आणि जर्मनला सगळ्यांत जास्त, चाळीस. दहा गुणांची वही मिळे, चाळीसची कंपासपेटी. महिन्याच्या शेवटी भंगारवाल्याचा टेम्पो येई, तो देईल त्या पैशांतून वह्या-पेट्या येत.

तागडी एका किराणावाल्याने टाकून दिलेली होती. पण बाईंचा तोल म्हणजे सोनाराचा. आधी रिकामी तागडी उचलायची. एक पारडं खाली गेलं तर हलक्या बाजूला दगडाचा पासंग बांधायचा, दोन्ही सम झाली की मगच वजन. नववीतला जगन नावाचा धिप्पाड पोरगा तोलायचा, दुसरा एकजण आकडा मोठ्याने वाचायचा, तिसरी पोरगी आधी बँकेच्या वहीत आणि मग खातेदाराच्या पासबुकात लिहायची. चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारून शेजारी सही करायची. पन्नास ग्रॅमच्या आतल्या मालाची नोंद नाही. तो नाव घालून खुंटीला टांगायचा आणि पुढच्या गुरुवारी त्यात भर घालायची. पहिली नोंद झाली की पासबुक मिळे. त्याला खाकी पुठ्ठा, आणि त्यावर बाईंच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात पोराचं पूर्ण नाव.

पहिल्याच महिन्यात बाईंची झोप उडाली. बँकेच्या वहीत जेवढी रद्दी होती, तेवढी भंगारवाल्याच्या काट्यावर भरेना. पाच-सहा किलो कमी. बाई एस्टीत माझ्या सीटशेजारी उभ्या राहून (बसायला जागा होती) मुरबाडपर्यंत हिशोब करत होत्या. आणि टोकावड्याच्या आसपास एकदम ओरडल्या, "सर, आपण पावसाला गुण दिले!" कागद ओला येत होता, खोलीत महिनाभरात सुकत होता. पुढच्या गुरुवारपासून प्रत्येक गठ्ठ्यातला एक कागद कानाजवळ चुरगाळून बघायचा नियम झाला. कोरडा कागद करकरतो, दमट गप्प राहतो.

दुसरी भानगड दीपेशची. हा हॉटेलवाल्याचा पोरगा. तेलाचा रिकामा डबा एकदा तोलून झाला की मागच्या खिडकीतून काढून घ्यायचा आणि पुढच्या गुरुवारी तोच पुन्हा आणायचा. तीन वेळा गुण खाल्ल्यावर सापडला. बाईंनी त्याचे कान धरले, पण मनातून त्यांना त्याच्या डोक्याचं कौतुक वाटलं असावं. त्या दिवसापासून नवा नियम: डबा असो की भांडं, वजन झालं की खातेदाराच्या डोळ्यांदेखत तिथल्या तिथे चेपायचं. चेपायला जगन. त्याची एक टाच पडली की डब्याची पोळी व्हायची, आणि पोरं टाळ्या वाजवायची.

असं सगळं चोख चाललेलं असताना बाई पुन्हा खिडकी ते कपाट करू लागल्या. सप्टेंबर होता. सभागृहाच्या भिंतीवर खातेदारांच्या नावांचा फळा लागला होता, आणि त्या फळ्यावर पाड्यावरच्या एकाही पोराचं नाव नव्हतं. एकाचंही पासबुक निघालं नव्हतं.

"त्यांना सांगून कळत नाही की काय?" बाई म्हणाल्या.

"कळतं हो," मी म्हटलं. "पण आणतील काय? पाड्यावर दुधाची पिशवी जात नाही, पेपर जात नाही. तेल बाटलीत सुटं नेतात, आणि ती बाटली फुटेस्तोवर वापरतात. ज्याच्या घरी जास्त विकत येतं त्याचा कचरा जास्त, आणि त्यालाच तुमचे गुण जास्त. बँकच ती, ज्याच्याकडे आहे त्याचंच वाढवणार."

हे मी गमतीत बोललो होतो. बाईंना ते झोंबलं. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी एक युक्ती काढली. पाड्यावरच्या मुलांनी दुधाच्या पिशव्या धुवायच्या, वाळवायच्या, आणि त्या कामाचे गुण घ्यायचे. आठवीच्या वर्गात त्यांनी हे सांगितलं, तेव्हा सावळी नावाची पोरगी उभी राहिली. सावळी ठाकरांची. काटकुळी, आणि गणितात अशी तल्लख, की बाईंचा खडू फळ्यावर पोहोचायच्या आत तिचं उत्तर तयार. तिने विचारलं, "बाई, दीपेशच्या घरच्या पिशव्या आमी धुवायच्या?"

बाईंनी युक्ती तिथेच गुंडाळली. पण सावळीचं नाव फळ्यावर नाही हे त्यांच्या डोक्यातून जाईना. इतर कुणाचं नसतं तर एकवेळ चाललं असतं, या पोरीचं नाही हे त्यांना सोसवत नव्हतं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या सोमवारी त्यांनी तिला व्हरांड्यात गाठलं. मी तिथेच होतो. "सावळे, घरात एखादी तरी मोडकी वस्तू असेलच गं," बाई म्हणाल्या. "शोध जरा. एकदा आण, तुझं पासबुक मी लिहून ठेवलंय."

सावळी मान खाली घालून म्हणाली, "बघते, बाई."

गुरुवारी ती आली ती छातीशी टोप धरून. लहानसा जर्मनचा टोप, राखेने घासून असा लख्ख केलेला की त्यात खोलीची खिडकी दिसत होती. बुडाला एक बारीक भोक होतं आणि त्यात चिंधीचा बोळा घट्ट बसवलेला होता. बाईंचा चेहरा फुलला. घरचं, स्वच्छ, कोरडं! तिन्ही अटींत बसणारा असा माल बँकेने तोवर पाहिला नव्हता.

"फुटका आहे ना गं?"

"हा बाई, भोक हाय."

चिंधी काढून बाजूला ठेवली. रिकामी तागडी सम केली. जगनने तोललं, आकडा मोठ्याने वाचला गेला. अर्ध्या किलोला थोडं कमी, अठरा गुण. पहिल्याच दिवशी एका वहीचे गुण आणि वर आठ शिल्लक! बँकेच्या वहीत लिहिलं, पासबुकात लिहिलं. सावळीने सही केली आणि खाकी पुठ्ठ्यावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवलं. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. खरंच सांगतो, त्या क्षणी बाई कधी नव्हे त्या स्थिर उभ्या होत्या.

तेवढ्यात जगनची टाच पडली.

सावळीचा हात पुढे आला होता. तोंडातून "बाई—" एवढंच निघालं. पण पोरांनी टाळ्या वाजवल्या, पाड्याचं पहिलं खातं म्हणून कुणी शिट्टीही मारली, आणि त्या गलक्यात ते "बाई" विरून गेलं. टोपाची पोळी झाली आणि ती जर्मनच्या पोत्यात गेली. सावळी पासबुक घट्ट धरून उभी राहिली, मग घंटा झाली. बाईंना वाटलं, पोरगी लाजली.

आता तो नियम नाही. आता भांडं आठ दिवस तसंच वेगळ्या पोत्यात राहतं, आणि घरच्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. गुण पोराच्या नावावर नाही, वर्गाच्या नावावर पडतात, आणि वह्या अख्ख्या वर्गात वाटल्या जातात. दीपेशच्या बापाने त्यावर पुष्कळ आरडाओरड केली. पण हे सगळं नंतरचं.

शुक्रवारी सावळी आली नाही. बाईंनी हजेरी घेताना विचारलं. तिच्याच पाड्यावरची रविना म्हणाली, "ती आता नाय यायची बाई. उद्या सकाळच्याला ट्रक येनार, भट्टीवर नेतात तिला."

दिवाळीनंतर पाड्यावरची माणसं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, ती जूनच्या तोंडावर परततात. हे आम्हाला नवं नव्हतं. पण सावळी जात नसे. ती आजीपाशी राहायची, म्हणून तर आठवीपर्यंत आली होती.

"यंदा का?" बाईंनी विचारलं.

"टोप गेला ना," रविना म्हणाली, जसं काही बाईंना ठाऊकच असावं. "तिच्या घरी दोनच. मोठा भट्टीवर जातो, ल्हान सावळीला नि आजीला ऱ्हातो. आता आजी काकाकडं जेवंल. सावळीला काकी नाय घेत, तिचीच पाच हायेत."

बाई वर्ग तसाच सोडून आल्या. मला दहावीच्या तासावरून बाहेर काढलं. बँकेची खोली उघडली, पोतं उपडं केलं, ती जर्मनची पोळी शोधून काढली. जगनला बोलावलं. आम्ही तिघांनी प्रयोगशाळेच्या ओट्यावर ठेवून ती लाकडी ठोकळ्याने उघडायचा प्रयत्न केला. थोडी उघडली, आणि मग घडीवर टर्रकन चीर गेली. जगन रडवेला झाला. "मी चेपला बाई," म्हणाला. बाई त्याच्यावर ओरडल्या, "तू नाही, मी!" आणि इतक्या जोरात ओरडल्या की मुख्याध्यापक बाहेर येऊन आत गेले.

दुपारी बाईंनी रस्त्यावरच्या दुकानातून नवा कोरा टोप घेतला, चांगला मोठा, आणि मला म्हणाल्या, "चला." डोंगर चढताना त्या माझ्यापुढे वीस हात होत्या. मी धापा टाकत मागून म्हणत होतो, "बाई, सावकाश, टोप काही पळून जात नाही," आणि मग माझं मलाच वाटलं की हे बोलायला नको होतं.

सावळीची आई भिमी अंगणात गाठोडी बांधत होती. सुदाम, तिचा नवरा, भाताचा पेंढा माळ्यावर टाकत होता. सावळी घराच्या कुडाला टेकून बसलेली. आम्हाला पाहून आत गेली. भिमीने आम्हाला पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. बाई अर्थातच बसल्या नाहीत. नवा टोप दोन्ही हातांनी पुढे केला.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "हा घ्या. सावळीला नेऊ नका."

भिमीने टोप घेतला नाही. तिने नुसतं बघितलं. "तुमी टोप चेपलात का म्हनून?"

बाईंनी सांगितलं. दीपेशचा डबा, मागची खिडकी, सगळं. भिमी ऐकत होती.

"आमी बी टोप ठेवतो दुकानात," ती म्हणाली. "श्रावणात घरात दाना नसतो, तवा टोप ठेवायचा नि तांदूळ आनायचा. भात झोडला का भरून द्यायचं नि टोप सोडवायचा. दुकानवाला शिव्या घालतो, ब्याज लावतो. पन टोप चेपत नाय. सावळी मला बोलली, बाईंकडं ठेवलाय, चार दिसांत सोडवून आनते. तिला वाटला, तुमी ठेवून घ्याल."

मला तेव्हा सगळं लख्ख कळलं. पोरीने टोप विकला नव्हता, टाकलाही नव्हता. तिने तो गहाण ठेवला होता, तिच्या आईने, आजीने दरसाल ठेवावा तसाच. नाव फळ्यावर चढलं, पासबुक मिळालं, की गुण परत देऊन ती तो घरी नेणार होती. भोक पडलेला टोप मोडीत जातो हे तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्या घरात भोकात चिंधी बसवून भात शिजत होता.

"म्हणूनच हा आणलाय," बाई म्हणाल्या. "नवा आहे. घ्या."

"फुकट नको," भिमी म्हणाली. "फुकटचं घेतला का मान खाली ऱ्हाते. उद्या तुमी काय बी सांगाल, नि आमी हा म्हनायचं."

"मग पैसे द्या. जमतील तेव्हा द्या."

"म्हंजे आमचा टोप गेला नि वर आमीच देनं लागायचं?"

सुदाम माळ्यावरून उतरला, आमच्याकडे न बघता बिडी पेटवून बांधावर जाऊन बसला. भिमीने एक गाठोडं गुडघ्याने दाबून आवळलं आणि मग म्हणाली, "तुमचा द्या."

"माझाच आहे हा."

"ह्यो दुकानचा. तुमच्या घरचा द्या, रोज चुलीवर चढतो तो. आमचा तुमी मोडलात, तुमचा आमच्याकडं गहान ऱ्हाईल. आमचा भरून द्याल तवा सोडवून न्या." तिने बाईंकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "सकाळी ट्रक फाट्याला येतो. उजाडल्याव थांबत नाय तो."

आणि कनवटीचं खाकी पासबुक काढून तिने बाईंच्या हातातल्या नव्या टोपात टाकलं.

एस्टीत मी म्हटलं, "बाई, तुमच्याकडे गॅसवर कुकर. चुलीवर चढणारं काय देणार?" तर म्हणाल्या, "दुधाचा टोप. माझ्या लग्नानंतर घेतलेला पहिला. रोज चढतो." मग थोड्या वेळाने, "पहिली गाडी किती वाजता असते हो?"

बाईंना ठाऊक होतं. आम्ही दोघंही त्या गाडीने कित्येकदा गेलो होतो. त्या उगाच विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीत बाई टोप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे सीटच्या कडेला टेकल्या होत्या. बुड जुन्या स्टोव्हच्या दिवसांपासून काळंकुट्ट, काठाला एक पोचा, आतून दुधाच्या सायीची पुसट रेघ. कंडक्टर म्हणाला, "बाई, कुठं जत्रा?" बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तिकीट फाडून मुकाट हातात दिलं. गाडी सरळगावला थांबली, कुणीतरी कोंबड्यांची टोपली चढवत होतं, आणि बाई खिडकीतून वाकून ओरडल्या, "अहो, आटपा!" ट्रक गेला असता तर त्या पोरीचं वर्ष गेलं असतं, आणि भट्टीवर गेलेली पोर पुढल्या जूनमध्ये आठवीत परत बसते असं मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

फाट्यावर ट्रक उभा होता. मुकादम खालून हाका घालत होता, इंजिन चालूच होतं. मागे गाठोडी, कोंबड्या, लेकरं, आणि त्या सगळ्यावर एका गोधडीच्या बोचक्यावर सावळी. बाई चालत्या एस्टीतून उतरल्या म्हटलं तरी चालेल. धावत गेल्या आणि टोप वर केला.

भिमी खाली उतरली. तिने टोप घेतला. काठावरून हात फिरवला, बुडावर बोटाने टकटक केलं, उजेडाकडे धरून भोक आहे का बघितलं. मग तो एका हातावर तोलला. तागडी सम व्हायची बाई जशी वाट बघायच्या, तशी भिमी वाट बघत होती. मुकादम ओरडला, "ए, चल गो!" तिने त्याच्याकडे मान वळवली नाही.

"दुधाचा वास येतो," ती म्हणाली.

"रोज त्यात दूध तापतं," बाई म्हणाल्या.

"चालंल. भात शिजंल यात."

"पण भरून कसं देऊ?" बाईंनी विचारलं. "तुमचा तसाच टोप मी कुठून आणू?"

"त्ये तुमी ठरवा," भिमी म्हणाली. "तुमी हिशोबाच्या बाई."

आणि वर बघून तिने हाक मारली, "सावळे, उतर."

सावळी बोचक्यावरून खाली आली. ट्रकच्या फळीवर पाय ठेवून उडी मारली. भिमीने टोप तिच्याकडे दिला, तिच्या केसांतला पेंढा काढला, आणि ट्रकवर चढली. सुदामने वरून काहीतरी सांगितलं, ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. ट्रक कल्याणच्या बाजूला निघाला.

रस्त्यावर आम्ही तिघं उरलो. सावळी टोप कडेवर घेऊन ट्रक गेला तिकडे बघत होती. बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्या पुसत नव्हत्या. त्या पुढे झाल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवायला हात उचलला.

सावळीने टोप झटकन दुसऱ्या कडेवर घेतला, बाईंच्या हाताला लागणार नाही असा.

बाईंचा हात तिथेच थांबला. त्यांनी तो मागे घेतला, पदराला पुसला. "मी हात नाही लावत गं त्याला," त्या म्हणाल्या. सावळीने मान हलवली, पण टोप होता तिथेच ठेवला. मग ती पाड्याच्या वाटेला लागली, आजीला टोप द्यायला, आणि बाई तिच्या मागून चालू लागल्या, चांगलं अंतर ठेवून.